कोलेस्टेरॉल शून्य, तरीही

भाचीच्या आहारशास्त्राच्या सराव प्रश्नपत्रिकेत परवा एक प्रश्न होता: ‘वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसते, तरी ते रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. कारणे द्या.’ तिने लिहिलं होतं, ‘कारण त्यात फॅट जास्त असते.’ मी त्याला अर्धाही गुण दिला नसता. शेंगदाणा तेलातही तेवढंच फॅट असतं!

कोलेस्टेरॉल खाण्यातून येतं ते प्राण्यांकडून: अंडं, मटण, साजूक तूप. वनस्पतींत ते नगण्य, म्हणून तेलाच्या डब्यावरची ‘कोलेस्टेरॉल फ्री’ ही पाटी खरी असली तरी ती कुठल्याही तेलाला लागू पडते. शिवाय रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. ते शरीरभर वाहून नेणारे एलडीएलचे कण यकृत पुन्हा ओढूनही घेतं. संपृक्त मेद जास्त खाल्लं की हे ओढून घेणं मंदावतं आणि एलडीएल रक्तात साचतं.

वनस्पती तुपाची गोष्ट याच्याही पुढची आहे. ओलेइक हे मेदाम्ल शेंगदाणा तेलात भरपूर असतं. त्याच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी कोपरासारखी वाकते. वाकड्या साखळ्या नीट रचून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. निकेलच्या सान्निध्यात तापत्या तेलात हायड्रोजन सोडला की काही बंध भरून निघतात, तर काही न भरता नुसते उलटे फिरतात आणि साखळी सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. अणू तेच, तेवढेच, पण ओलेइक सुमारे 13 अंशांना वितळतं आणि त्याचं ट्रान्स भावंड सुमारे 44 अंशांना. ठाण्याच्या उन्हाळ्यातही ते डब्यात घट्ट राहतं! सोयाबीन तेलातलं ओमेगा थ्री या प्रक्रियेत लवकर नष्ट होतं. तीन दुहेरी बंधांमुळे ते पटकन खवट होतं, त्यामुळे कारखान्याला ते नकोच असतं.

1990 साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे ठरावीक आहार देऊन पाहिलं. ट्रान्स फॅटने एलडीएल वाढलं आणि उपयोगी एचडीएल घटलंही. संपृक्त मेदाने एचडीएल घटलं नव्हतं. उत्तरात हा मुद्दा हवाच.

भारतात 1 जानेवारी 2022 पासून तेला-तुपात आणि ते घालून केलेल्या पदार्थांतल्या मेदात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. मग मी भाचीला खारीचं पाकीट घ्यायला लावलं. समजा, 100 ग्रॅम खारीत 30 ग्रॅम मेद आहे, तर ट्रान्स फॅटची मर्यादा 0.6 ग्रॅम. पाकिटावर 0.4 असेल तर नियम पाळलेला आहे. पण त्याखालच्या ओळीत संपृक्त मेद 15 ग्रॅम असेल, तर वनस्पती तुपाच्या जागी बहुधा पाम तेल आलेलं असतं, कारण पाम तेलातला जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. चहाबरोबर 40 ग्रॅम खारी खाल्ली की 6 ग्रॅम संपृक्त मेद पोटात. 2000 कॅलरींच्या आहारात दिवसभराची मर्यादा साधारण 22 ग्रॅम.

तिने पाकीट उलटं केलं आणि आधी ‘कोलेस्टेरॉल 0’ वर बोट ठेवलं, मग ते सरकवत दोन ओळी खाली नेलं.