सामूहिक दोष आणि सामायिक जबाबदारी

एखाद्या गटाने, संघटनेने किंवा देशाने काही वाईट केलं तर त्यातल्या ज्या माणसाने स्वतः काहीच केलं नाही त्याच्यावर ठपका येतो का, हा सामूहिक दोषाचा प्रश्न. यात बहुतेक गोंधळ होतो तो दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द एकच धरल्यामुळे. दोष म्हणजे मी केलं, किंवा करायला पाहिजे होतं ते केलं नाही. जबाबदारी म्हणजे झालेलं निस्तरायचं माझ्यावर आलंय, भले ते मी केलेलं नसेना.

हा फरक सगळ्यात नीट मांडला जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी. बायको ज्यू होती, १९३७ मध्ये नाझी सरकारने त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती, त्यामुळे १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गला त्यांनी जर्मनांच्या दोषावर व्याख्यानं दिली तेव्हा स्वतःला सहज बाजूला काढता आलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी दोषाचे चार प्रकार पाडले. पहिला गुन्ह्याचा, तो कोर्ट ठरवतं आणि तो एकेकट्या माणसाचाच असतो. दुसरा राजकीय, म्हणजे आपल्या राज्याने जे केलं त्याची भरपाई नागरिक म्हणून सगळ्यांनाच करावी लागते, विरोधात असलेल्यांनासुद्धा. तिसरा नैतिक, गप्प बसलो, नजर फिरवली, नोकरी टिकवायला मान डोलावली, याचा हिशोब ज्याने त्याने स्वतःशी आणि जवळच्या माणसांशी करायचा. चौथ्याला त्यांनी अतिभौतिक म्हटलं, समोर माणसं मारली जात होती आणि आपण जिवंत राहिलो याची बोचणी, ती कुठलंच कोर्ट मोजू शकत नाही. म्हणजे चारपैकी फक्त राजकीय जबाबदारीच अख्ख्या समाजावर टाकता येते, आणि मला वाटतं इतकं पक्कं धरलं तरी या विषयावरची निम्मी भांडणं मिटतील.

त्याच काळात हाच प्रश्न युद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या कोर्टापुढे आला, तोही अगदी व्यवहारातला. आरोप फक्त माणसांवर नव्हते, सहा संघटनांनाही गुन्हेगार ठरवा अशी सरकारी पक्षाची मागणी होती. ती मान्य झाली की पुढच्या खटल्यात संघटना गुन्हेगार होती की नाही हा वाद परत काढता येणार नव्हता, आणि सभासद तर लाखोंनी होते. नुसत्या सभासदत्वावर शिक्षा झाली तर निरपराध माणसंही भरडली जातील हा धोका कोर्टाला स्पष्ट दिसत होता. म्हणून १९४६ च्या निकालात नाझी पक्षाचं सशस्त्र दल एसएस, गुप्त पोलीस आणि हेरखातं म्हणजे गेस्टापो-एसडी, आणि नाझी पक्षाचं नेतृत्व मंडळ या तिघांनाच गुन्हेगार ठरवलं, पण संघटना गुन्ह्यांसाठी वापरली जातेय हे सभासदाला माहीत होतं आणि तरी तो आत आला किंवा आतच राहिला, किंवा त्याचा स्वतःचा गुन्ह्यात हात होता, अशी अट घातली. ज्यांना पर्यायच न देता एसएसमध्ये ओढलं आणि ज्यांनी गुन्हा केला नाही ते वगळले, १ सप्टेंबर १९३९ च्या, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या, आधी सोडून गेलेले वगळले. गेस्टापोच्या ऑफिसातले निव्वळ कारकुनी करणारे, लघुलेखक, झाडलोट करणारे हेसुद्धा वगळले. या शेवटच्या सवलतीपाशी मी नेहमी अडखळतो, कारण अटकेच्या याद्या कुणीतरी टाइप केल्याच असणार की. गुन्ह्याच्या मापात तो माणूस सुटतो, पण यास्पर्स यांच्या तिसऱ्या प्रकारातून सुटत नाही, आणि दोन मापं वेगळी ठेवायचा फायदा नेमका इथे कळतो.

राजकीय जबाबदारी प्रत्यक्षात कशी दिसते त्याचं उदाहरण म्हणजे १९५२ चा लक्झेंबर्ग करार. नाझींनी ज्यूंवर केलेल्या अत्याचारांची भरपाई म्हणून पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क किमतीचा माल आणि सेवा द्यायचं कबूल केलं, हा भार शेवटी करदात्यांवर आला, त्यात नाझींच्या तुरुंगात राहिलेले पण होते आणि युद्धात शाळकरी असलेले पण. त्यांना कुणी खुनी म्हटलं नव्हतं. नाझी जर्मनीतून निसटलेल्या ज्यू विचारवंत हाना आरेंट यांचंही म्हणणं असंच होतं, दोष नेहमी एका माणसाचा, आणि सगळेच दोषी म्हटलं की खरे दोषी त्या गर्दीत लपून जातात.

आता गट म्हणजे संघटना नसून नुसती जमलेली माणसं असतील तर? अमेरिकन तत्त्वज्ञ व्हर्जिनिया हेल्ड यांनी १९७० मध्ये असा प्रसंग मांडला. रेल्वेच्या डब्यात सात अनोळखी लोक आहेत, त्यातला एक सगळ्यात लहानखुऱ्या माणसाला खाली पाडून सगळ्यांसमोर मारतोय, गळा दाबतोय. बाकी पाच जणांनी मिळून त्याला आवरणं सोपं आहे आणि काय करायचं हे कुणालाही दिसतंय, तरी सगळे बसून राहिले तर त्या पाचांवर एकत्र ठपका येतो असं त्या म्हणतात. काय करायचं यावरच एकमत नसेल तर ते केलं नाही म्हणून दोष देता येत नाही, पण मग एकत्र येऊन काहीतरी ठरवलं का नाही याचा दोष येऊ शकतो. इथे प्रत्येकाचा वाटा किती हे मात्र समान धरून चालत नाही, दाराशी बसलेला धडधाकट माणूस आणि काठी टेकत चालणारा म्हातारा यांना एकच माप लावता येणार नाही.