फोटोला फिल्टर लावणं आणि फोटोंवरून पान काढणं

सात फोटो होते. सायकलची चेन निसटलेली, दहा वर्षांची नात कमरेवर हात ठेवून उभी, आजोबा उकिडवे बसलेले. मग चेन बसवायची खटपट, आजोबांचे काळे झालेले हात, आणि शेवटी नात स्वतः चेन चढवते तो क्षण. या फोटोंचं चित्रकथेचं एक पान करायचं होतं. मी सगळ्यांना कार्टून फिल्टर लावला, चौकटींत बसवले, वर संवादाचे फुगे टाकले. एकेक चित्र सुटं पाहिलं तर छान दिसत होतं. पान वाचायला दिलं तेव्हा वाचणारीने तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "हे दुसरे आजोबा कोण?"

तिचं बरोबर होतं. पहिला फोटो समोरून आलेल्या उन्हातला होता, तिसऱ्यात ऊन बाजूने येत होतं. फिल्टरला नाक, गाल, केस यातलं काही कळत नाही. तो शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या उजेडातला फरक पाहतो. फरक मोठा असेल तिथे काळी रेघ ओढतो आणि उरलेले रंग मोजक्या छटांत गोळा करतो. म्हणून तिसऱ्या चौकटीत नाकाची सावली ओठावर पडून आजोबांना मिशी फुटली होती, आणि पांढरे केस मागच्या उजळ आकाशात विरघळून टक्कल पडलं होतं. निळा शर्ट सावलीत राखाडी झाला होता. फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं, पण ते काम उजेडाचं चित्र काढायचं होतं.

यावर पहिला उपाय सुचतो तो प्रत्येक फोटोसाठी फिल्टरचं प्रमाण वेगळं ठेवायचा. तो मी करून पाहिला. मिशी घालवण्यासाठी रेघा कमी केल्या तर डोळेही पुसट झाले. डोळे ठळक करायला रेघा वाढवल्या तर कपाळावर सुरकुत्यांचं जाळं उमटलं आणि आजोबा एका चौकटीपुरते दहा वर्षांनी म्हातारे झाले. चेहरे सारखे आहेत की नाहीत हे तपासायचा सोपा मार्ग आहे: पानावरचे एकाच पात्राचे सगळे चेहरे कापून एका ओळीत लावायचे. संवाद आणि कपडे नसताना तो एकच माणूस वाटला पाहिजे.

फोटोंवरून पान काढणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात फोटो लगेच हातात घ्यायचा नसतो. आधी पात्राचा तक्ता करायचा: डोकं समोरून, थोडं वळलेलं आणि पूर्ण बाजूने. त्यात लहान चौकटीतही टिकतील अशा दोन-तीन खुणा ठरवायच्या. आजोबांसाठी मी जाड काळ्या काड्यांचा चौकोनी चष्मा, कानांवरचे केसांचे दोन पुंजके आणि साधा निळा शर्ट एवढंच ठेवलं. खऱ्या शर्टावर बारीक पट्ट्या होत्या. त्या सोडल्या, कारण पाच चौकटींत त्या एकसारख्या पडणं कठीण. नातीच्या दोन वेण्या. एका फोटोत एक वेणी पाठीमागे गेली होती, चित्रात ती पुढेच ठेवली. रंगही एकदाच ठरवायचे आणि तेच सगळीकडे भरायचे. सावली वेगळ्या लेअरवर, खालचा रंग न झाकता फक्त गडद करणाऱ्या `Multiply` या प्रकारात टाकायची, म्हणजे ऊन बदललं तरी खालचा निळा निळाच राहतो.

मग फोटो फिका करून खाली ठेवायचा आणि वरच्या लेअरवर काढायचं. इथे फसगत होते. फोटोतली दिसेल ती प्रत्येक रेघ गिरवत गेलं, तर आपण हाताने चालणारा फिल्टरच होतो. चौथा फोटो मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेला होता, त्यामुळे आजोबांचं नाक आणि पुढचा हात फुगलेले दिसत होते. तो तसाच गिरवला असता तर चष्मा बरोबर असूनही डोकं परक्याचं झालं असतं. शरीराची ठेवण, बोटांची पकड, मानेचा कल फोटोतून घ्यायचा. डोकं तक्त्यातून घ्यायचं.

रेघेच्या जाडीचीही एक गोष्ट आहे, ती दोन्ही पद्धतींत नडते. फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यावर ६ पिक्सेलची रेघ आली. तोच फोटो २२०० पिक्सेलच्या चौकटीत बसवला तर रेघ साधारण ३ पिक्सेलची होते, ७०० पिक्सेलच्या चौकटीत जेमतेम १ ची. एकाच पानावर एक चौकट ठसठशीत आणि शेजारची केसासारखी बारीक, असं दिसतं. म्हणून आधी पान आखायचं (A4 पान ३०० डीपीआयला २४८० पिक्सेल रुंद असतं), फोटो कापून चौकटीच्या मापाचा करायचा, आणि रेघ त्यानंतर.

सात फोटोंच्या पाच चौकटी झाल्या. दोन फोटो एकाच क्षणाचे होते आणि एकात नवं काही घडत नव्हतं. वर एक रुंद चौकट, मध्ये तीन उभ्या, खाली पुन्हा एक रुंद. फोटो सगळे आडवे, त्यामुळे मधल्या उभ्या चौकटीत नातीला आणताना तिचे पाय कापले जात होते, कारण फोटोतच ते नव्हते. फोटोत नसलेले पाय फिल्टर आणणार नाही. काढताना ते दोन मिनिटांत जोडले.

फुग्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. शेवटच्या चौकटीत नात विचारते, "आजोबा, मी करू?" ते म्हणतात, "हात काळे होतील." ती म्हणते, "होऊ देत." आपण डावीकडून उजवीकडे वाचतो आणि पहिली बोलणारी नात फोटोत उजवीकडे. फोटो आरशासारखा उलटवायचा मोह होतो, पण सायकलची चेन उजव्या बाजूला असते. उलटवलं की ती डावीकडे जाते आणि सायकल चालवणाऱ्याला ते लगेच खटकतं. त्याऐवजी नातीचा पहिला फुगा सर्वांत वर घेतला, आजोबांचा डावीकडे त्याखाली, आणि तिचं दुसरं वाक्य आणखी खाली, तिच्या बाजूला. वरचा फुगा आधी वाचला जातो, फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदत नाहीत.

यासाठी डोक्यांवर जागा लागते, आणि फोटोत डोकी वरच्या कडेला टेकलेली होती. फिल्टरच्या पानावर फुगे त्यामुळेच कपाळांवर बसले होते. नव्या पानात मी आधी अक्षरं लिहिली, मग फुगे, मग माणसं खाली सरकवून काढली. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत ऐसपैस अंतर ठेवावं लागतं, आणि फुगा वाटतो त्यापेक्षा उंच होतो.

फिल्टर मी पूर्ण टाकला नाही. मागची भिंत, झाडाची पानं आणि सायकलचे स्पोक त्यानेच केले, चौकटीच्या मापावर आणल्यानंतर. स्पोक हाताने काढायला एक संध्याकाळ गेली असती, आणि चाकाला चेहरा नसल्याने ते दर चौकटीत थोडे वेगळे आले तरी अडत नाही. फक्त त्यांची रेघ माणसांच्या रेघेपेक्षा बारीक ठेवली, म्हणजे काळे हात पुढे उठून दिसतात.