स्लाइडच्या तळाशी लिहिलेलं n = 40

सर्वेक्षणाच्या निकालांची स्लाइड समोर आली की नजर आधी सर्वांत उंच खांबावर जाते. वाचायला सुरुवात मात्र तळाच्या बारीक ओळीपासून करावी. का, ते एका काल्पनिक पण ओळखीच्या वाटेल अशा उदाहरणातून पाहू.

समजा, एका शहरात ४०० बसप्रवाशांना विचारलं, 'बससेवेवर तुम्ही समाधानी आहात का?' स्लाइड म्हणते: यंदा ५२ टक्के समाधानी, गेल्या वर्षी तितक्याच प्रवाशांत ४७ टक्के. साठी ओलांडलेल्यांचा खांब वेगळा, ६५ टक्क्यांचा. वर ठळक मथळा: 'समाधान वाढले, ज्येष्ठ सर्वाधिक खूश'. आणि ज्येष्ठांच्या खांबाखाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, n = 40. म्हणजे या गटात माणसं फक्त चाळीस.

आधी ५२ घेऊ. आपण शहरातल्या सगळ्या प्रवाशांना विचारलेलं नाही, चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे ४०० जण विचारले. उद्या दुसरे ४०० निवडले तर आकडा थोडा हलेल. किती, याचा ढोबळ हिशेब तोंडी करता येतो: १०० ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून उत्तर ५. हीच त्रुटीची मर्यादा. अशी शंभर सर्वेक्षणं केली तर साधारण ९५ वेळा आलेला आकडा खऱ्या आकड्यापासून ५ अंकांच्या आत असेल. तेव्हा ५२ म्हणजे ४७ ते ५७ मधलं काहीतरी, आणि 'बहुसंख्य प्रवासी समाधानी' हे वाक्य इथेच बाद होतं. 'साधारण निम्मे प्रवासी समाधानी' एवढंच टिकतं.

या हिशेबात शहराची लोकसंख्या कुठेच आली नाही, हे अनेकांना खटकतं. पण आमटी नीट ढवळलेली असेल तर पातेलं लहान असो की लग्नघरातलं, चव पाहायला एक पळी पुरते. महाग पडते ती अचूकता: ५ ची मर्यादा अडीचवर आणायची तर ८०० नव्हे, १,६०० माणसं लागतात.

आता 'समाधान वाढले'. इथे भले भले फसतात. वाढ ५ अंकांची आणि मर्यादाही ५ ची, म्हणजे काठावर का होईना, खरी असेल असं वाटतं. पण गेल्या वर्षीचा आकडाही हलणाराच होता. दोन्ही टोकं हलत असताना त्यांच्यातल्या फरकाची मर्यादा मोठी होते. दोन्ही नमुने सारखे असतील तर सुमारे १.४ पट. म्हणजे इथे ७. वाढ ५ ची, मर्यादा ७ ची. समाधान वाढलं असेल, होतं तिथेच असेल, किंचित घटलंही असेल. म्हणून लिहायचं ते असं: 'गेल्या वर्षीपेक्षा आकडा ५ अंकांनी जास्त आहे, पण एवढा फरक केवळ नमुना बदलल्यामुळेही दिसू शकतो.' 'समाधानात बदल झाला नाही' असंही लिहू नये. बदल दिसला नाही आणि बदल झाला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्येष्ठांचं काय? चाळिसातले ६५ टक्के म्हणजे २६ माणसं. मर्यादा जवळपास १५, म्हणजे खरा आकडा ५० ते ८० मध्ये कुठेही. उरलेल्या ३६० जणांत समाधानी निघतात सुमारे ५१ टक्के. तेव्हा १४ अंकांचा तो डोळ्यात भरणारा फरकही मर्यादेच्या आतच राहतो. अशा गटाचे टक्के मी तरी देणार नाही. 'विचारलेल्या ४० ज्येष्ठांपैकी २६ जण समाधानी' असं लिहिलं की गट केवढा लहान आहे हे वाचकाला आपोआप कळतं. याच खांबावर ६५.० असं दशांशचिन्ह दिसलं तर ते सरळ पुसावं. एक माणूस इकडचा तिकडे झाला की तिथे अडीच अंक बदलतात.

हा सगळा हिशेब निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली असेल तरच खरा. चारशेही प्रवासी सकाळी नऊला एकाच डेपोत गाठले असतील, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरवून ज्याला वाटलं त्याने उत्तर दिलं असेल, तर ५ ची मर्यादा नुसती शोभेची. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी घेतलेल्या चाचणीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. वर्गमुळाच्या हिशेबाने चूक नगण्य असायला हवी होती. साप्ताहिकाने लँडन जिंकणार म्हटलं. रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं मिळवून निवडून आले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि पत्रिका मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नव्हतं.

म्हणून स्लाइडवरून लिहिताना आकड्याशेजारी किती जणांना विचारलं, त्यांना कसं गाठलं आणि कितींनी नकार दिला, हे तिन्ही यावं. आपल्या बसच्या स्लाइडवर यातलं पहिलंच आहे. उरलेल्या दोहोंसाठी सर्वेक्षण करणाऱ्यांना फोन करावा लागेल, आणि तोवर मथळा थांबेल.