दार पावसाळ्यात नेमकं कुठे फुगतं?

गेल्या जुलैत चिपळूणच्या आमच्या घराचं पुढचं दार अडायला लागलं. सुतारकाका आले आणि पिशवीतून थेट रंधाच काढला. मी म्हटलं, "काका, आधी घासतंय कुठे ते तर बघू."

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. त्या नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे बहुतेक लांबीच्या दिशेनेच गेलेले असतात. हवेतली वाफ धाग्यांच्या मधे शिरते, त्यांना चिकटते आणि एकमेकांपासून दूर सारते. धागा स्वतः मात्र लांब होत नाही. म्हणून लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि रेषांच्या दिशेने जवळपास वाढतच नाही.

आमचं सागवानी दार 2 मीटर उंच, 80 सेंटिमीटर रुंद. उन्हाळ्यात लाकडात 11 टक्के ओलावा धरा, पावसाळ्यात 17. ओलावा एका टक्क्याने वाढला की सागाची रुंदी सुमारे 0.2 टक्के वाढते, म्हणजे एकूण 1.2 टक्के. पण पॅनेलच्या दारात सगळी रुंदी फुगत नाही. आडव्या पट्ट्यांच्या रेषा रुंदीच्याच दिशेने जातात, आणि मधली पॅनेलं खोबणीत सैल बसवलेली असतात. फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी 10 सेंटिमीटरच्या. 200 मिलिमीटरचे 1.2 टक्के म्हणजे 2.4 मिलिमीटर. उभ्या फळ्या एकमेकींना जोडून केलेलं 80 सेंटिमीटरचं कवाड याच हिशेबाने साडेनऊ मिलिमीटर वाढलं असतं!

उंची तर वाढतच नाही. त्यामुळे दार खाली फरशीला घासत असेल किंवा कडीच्या बाजूचा फक्त वरचा कोपरा अडत असेल, तर ते फुगणं नव्हे, झुकणं आहे. फुगलेलं दार कडीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत घासतं. (शेजारी याला वास्तुदोष म्हणत होते. दोष असलाच तर तो स्क्रूत शोधावा.)

आमच्याकडे दोन्ही होतं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच फिरत होते. भोकांत सरस लावून लाकडी काड्या ठोकल्या, वाळू दिल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. तरी कोपरा किंचित अडत होता, म्हणून खालच्या बिजागरीमागे 1 मिलिमीटर पुठ्ठा घातला. बिजागऱ्यांमधलं अंतर दीड मीटर, म्हणून कडीची बाजू अर्धा मिलिमीटर उचलली गेली आणि कोपरा सुटला.

मग राहिली कडीच्या बाजूची सलग घासण. तिथे रंधा मारला, पण फक्त 1 मिलिमीटर फट राहील इतकाच. काका आणखी काढणार होते. पण तेव्हा दार सर्वांत रुंद होतं, आणि त्याच फटीत मे महिन्यात 2.4 मिलिमीटरची भर पडणार होती. तासलेल्या कडेला रंग दिला तो लाकूड सुकल्यावर, डिसेंबरात. तेव्हाच दार उतरवून वरच्या-खालच्या कडाही रंगवल्या. या कडा सहसा कोऱ्याच राहतात, आणि उभ्या पट्ट्यांच्या कापलेल्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. रंगाने ओलावा पूर्ण थांबत नाही, शिरण्याचा वेग तेवढा मंदावतो.