पान्यावर उभं राहून आवळलेला नट

"स्टेपनी लावताना नट ओळीनं गोल आवळायचे आणि शेवटी पान्यावर उभं राहायचं, म्हणजे चाक हलत नाही. आमचे ड्रायव्हरकाका हेच सांगायचे. बरोबर ना?"

दोन्ही चूक. शेजारशेजारचे नट ओळीनं आवळले की चाक एका बाजूनं आधी दाबलं जातं आणि तिरकं बसतं. तेव्हा घट्ट वाटतं, पण चालताना चाक सरळ बसतं आणि नट ढिले होतात. म्हणून एक सोडून एक, ताऱ्याच्या आकारात. आधी चाक हवेत असताना हातानं, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर.

जोर किती? बऱ्याच छोट्या गाड्यांना सुमारे 100 न्यूटन-मीटर लागतो, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण 35 किलो. सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की दुप्पट. बोल्ट ताणला जातो, आणि पुढचा पंक्चर झाल्यावर नट निघता निघत नाही!

समजा कराडच्या अलीकडे हायवेवर उजवं मागचं चाक पंक्चर झालं. तुमची पाठ ट्रकांकडे येणार. रिम खराब झाली तरी चालेल, रांगत सर्व्हिस रोड गाठा. तिथे हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकाला दगड. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा. जॅक दाराखालच्या पट्टीवरच्या दोन खाचांमध्येच लावा, पत्र्याला नाही. साताऱ्यात पोचलात की नट पुन्हा तपासा.