पांढरा कोट आणि रुग्णाचा विश्वास

डॉक्टर किंवा परिचारिकेचा स्वच्छ, इस्त्रीचा गणवेश, कापलेली नखे आणि बांधलेले केस पाहून तपासणी सुरू होण्याआधीच रुग्णाच्या मनात एक भरवसा तयार होतो. या नोंदीचा विषय तो भरवसा आणि त्याची लायकी हा आहे. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, डॉक्टर पारखण्याचे जुने माप वेगळे आहे. ‘त्याना हातले गुन शे’ असे अहिराणीत म्हटले, की त्या डॉक्टरच्या शर्टाची चुरगळ कोणी पाहत नाही. पण हातगुण कळायला दोन-चार आजारपणे जावी लागतात. तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टरकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या अनोळखी सिस्टरकडे पाहताना तेवढा वेळ नसतो. तिथे डोळा कपड्यावर जातो. गंमत अशी की संसर्गाच्या बाबतीत जुने मापच शब्दशः खरे ठरते, कारण दवाखान्यात रोग मुख्यतः हातावरून जातो.

पांढरा रंग हा वैद्यकाचा मूळ रंग नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळा लांब कोट घालून शस्त्रक्रिया करत. व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख 1867 चे. त्यानंतर प्रयोगशाळेतला पांढरा कोट हळूहळू दवाखान्यात आला. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हा त्याचा मोठा गुण. भारतात आधुनिक वैद्यकाबरोबर तो तयार स्वरूपातच आला.

या कोटाचा परिणाम खरोखर होतो, याबद्दल फारशी शंका नाही. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 400 जणांना वेगवेगळ्या पोशाखातल्या डॉक्टरांची छायाचित्रे दाखवली. सुमारे 76 टक्क्यांनी नीटनेटका पोशाख आणि त्यावर पांढरा कोट यालाच पसंती दिली. 2018 मध्ये तिथल्याच दहा रुग्णालयांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक म्हणाले की डॉक्टरचा पोशाख आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मात्र या दोन्ही पाहण्यांत रुग्णाला काय *वाटते* ते मोजले आहे. इस्त्रीच्या कोटातल्या डॉक्टरचे रुग्ण लवकर बरे होतात, असे त्यांतून सिद्ध होत नाही. तरी वाटण्यालाही किंमत आहे. भरवसा बसला की माणूस दारूचे प्रमाण खरे सांगतो, अंगावरून पांढरे जाते हे बाई दबक्या आवाजात का होईना पण बोलते, आणि क्षयाचा रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या घ्यायला परत येतो. एवढे श्रेय कपड्याला द्यायला हरकत नाही.

कपड्याच्या स्वच्छतेचे मात्र तसे नाही. परटाकडून आलेल्या कोटाची ती निळसर झाक असलेली शुभ्रता नीळ आणि खळीची असते. कपड्यावरचा पिवळेपणा निळ्या छटेने डोळ्यापुरता मारला जातो आणि खळीने कडक घडी येते. दोन्हींचा जंतूंशी संबंध नाही. गरम पाणी आणि गरम इस्त्री जंतू पुष्कळ कमी करतात. इंग्लंडमधल्या आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनानुसार 60 अंश सेल्सिअसला दहा मिनिटे धुतलेला गणवेश जवळजवळ निर्जंतुक होतो. पण तो तसा राहतो किती वेळ? अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका रुग्णालयात शंभर डॉक्टरांचे दोन गट करून त्यांची तुलना झाली आणि 2011 मध्ये तिचा निष्कर्ष आला. एका गटाने त्या दिवशी धुतलेला आखूड बाह्यांचा गणवेश घातला, दुसऱ्याने आपला नेहमीचा, क्वचित धुतला जाणारा कोट. आठ तासांनी दोन्हींवरच्या जंतूंत फरक उरला नव्हता. ताज्या गणवेशावर आठ तासांत जेवढे जंतू जमले, त्यांतले निम्मे पहिल्या तीन तासांतच आले होते. म्हणजे सकाळी नऊला घातलेला कोट दुपारी बाराच्या ओपीडीत ‘स्वच्छ’ दिसतो, एवढेच. उलट बाजूही लक्षात ठेवावी. बाहीवरचा तपकिरी डाग बहुधा बेटाडिनचा असतो, आणि बेटाडिन हे जंतुनाशक आहे. डाग पाहून नाक मुरडणारा नातेवाईक नेमक्या उलट गोष्टीला घाबरत असतो.

कोटावर जंतू सापडतात ते मुख्यतः मनगटाजवळच्या बाहीवर आणि खिशाच्या तोंडाशी, कारण तिथे हात सारखा लागतो. तेवढ्यावरून कोटामुळे रुग्णाला रोग झाला असे मात्र म्हणता येत नाही. तो दुवा अजून पक्का जुळलेला नाही. तरीही इंग्लंडने 2007 मध्ये सावधगिरी म्हणून कोपराखाली काही नको, असा नियम केला: लांब बाही नाही, घड्याळ नाही, अंगठ्या नाहीत. त्यामागचा मुद्दा कापडापेक्षा मनगटाचा होता. बाही आणि घड्याळ असले की मनगट धड धुतले जात नाही. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा बाह्या दुमडून बसलेला घामाघूम डॉक्टर रुग्णाला गबाळा वाटतो आणि मनगटापर्यंत बटण लावलेला ‘साहेब’ वाटतो. हात धुण्याच्या दृष्टीने गबाळाच बरा.

एक नमुना घेऊ. अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली म्हातारी जुलाब-उलट्यांनी गळून गेली आहे आणि नातू तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आला आहे. सलाईन लावायचे ठरते. सिस्टर अगदी टापटीप: पांढरा ड्रेस, अंबाडा जाळीत, हातात नवे दिसणारे मोजे. नातवाला हायसे वाटते. आता नातवाने ड्रेसवरून नजर काढून फक्त सिस्टरच्या हातांकडे पाहिले, तर काय दिसेल? मोजे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापासून तसेच चढवलेले आहेत. त्याच मोज्यांनी तिने केसपेपर उलटला, मोबाइल कानाला लावला, सलाईनचा स्टँड ओढला. मोजे तिचे हात राखतात. ते बदलले नाहीत तर म्हातारीला त्यांचा उपयोग शून्य. मग स्टीलच्या डब्यातून स्पिरिटमध्ये आधीच भिजवून ठेवलेला कापसाचा बोळा येतो. हा डबा आपल्याकडे दवाखान्यादवाखान्यात दिसतो आणि स्पिरिटच्या वासाने भरवसाही बसतो, पण जागतिक आरोग्य संघटना असा डबा ठेवू नये असे स्पष्ट सांगते. प्रत्येक जण त्यात बोटे घालतो, स्पिरिट उडत जाते आणि बोळे हाताच्या जंतूंनी भरतात. बोळा फिरवल्यावर त्वचा वाळायला सुमारे तीस सेकंद द्यावे लागतात. सिस्टर तेवढी थांबत नाही, आणि म्हातारीची शीर बारीक असल्याने पुसलेल्या जागी पुन्हा बोटाने चाचपते. इथे पुसणे फुकट गेले. शेवटी उलटीचे इंजेक्शन. अनेकांना पुरणाऱ्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली आहे, प्रत्येक वेळी तिलाच सिरिंज जोडून औषध ओढले जाते. ती सुई म्हणजे बाटलीत हवेतून आणि हातावरून जंतू शिरायला उघडे ठेवलेले दार.

हीच सिस्टर चुरगळलेल्या ड्रेसमध्ये असती, पण तिने नातवासमोर मोजे काढून हातावर सॅनिटायझर घेऊन वीस-तीस सेकंद चोळले असते, शिरेत घालायच्या कॅन्युलाचे पाकीट समोर फाडले असते, नवा बोळा भिजवून जागा पुसून वाळू दिली असती आणि चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहिली असती, तर म्हातारी जास्त सुरक्षित असती आणि नातू कदाचित कमी निश्चिंत. दोष एकट्या सिस्टरचा नसतो. पाच खाटांमागे एक बेसिन, तेही खोलीच्या पलीकडे, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, अशा ठिकाणी साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुण्याचा नियम भिंतीवरच्या तक्त्यातच राहतो. म्हणूनच खाटेजवळची सॅनिटायझरची बाटली हा गणवेशापेक्षा बोलका पुरावा आहे. तिच्या तोंडाशी धूळ आहे की ती अर्धी संपलेली आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

नीटनेटकेपणातल्या दोन-तीन गोष्टी मात्र दिखाऊ नाहीत. नखे अर्ध्या सेंटिमीटरहून लांब नसावीत आणि कृत्रिम नखे अजिबात नसावीत, कारण जंतू नखाखाली दडतात आणि चोळूनही निघत नाहीत. अंगठीखालच्या कातडीचेही तेच. मोकळे केस सारखे कपाळावर येतात, ते सारायला हात जातो आणि तोच हात पुन्हा जखमेकडे येतो. हे पाहून बसलेला भरवसा बऱ्याच अंशी रास्त आहे. हातभर बांगड्या घालून ड्रेसिंग करणारी सिस्टर घरच्यासारखी वाटते खरी, पण मनगट धुणे तिला अवघड जाते.

गणवेश भूमिकाही ठरवून टाकतो, आणि ती नेहमी बरोबर असते असे नाही. पांढऱ्या कोटातल्या बाईला डॉक्टर असूनही ‘ओ सिस्टर’ अशी हाक ऐकावी लागते, आणि उंचापुरा वॉर्डबॉय नुसत्या रुबाबामुळे ‘डॉक्टरसाहेब’ होतो. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, कोटाचा अर्थ आणखी बदलतो. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आईला कडक पांढऱ्या कपड्यातला परका माणूस सरकारी साहेबाइतकाच दूरचा वाटू शकतो. तिथे साडीतली नर्सबाई आणि गावातलीच आशा यांच्यावर जो भरवसा बसतो, तो बोलीचा आणि ओळखीचा असतो. कपड्याचा धाक अंगावर उमटतो तोही मोजलेला आहे. इटलीत 1983 मध्ये रुग्णांच्या धमनीतून सतत रक्तदाब नोंदवला गेला, तेव्हा डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी 27 ने चढला. यात कोट किती आणि माणूस किती हे वेगळे काढलेले नाही, पण या प्रकाराला नाव मिळाले ते पांढऱ्या कोटाचेच. दवाखान्यात एकदाच वाढलेला दाब पाहून आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी घरी किंवा उपकेंद्रात पुन्हा मोजून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

कौशल्य आणि पात्रता यांबाबत कोट काहीच सांगत नाही. तो दुकानात कोणालाही विकत मिळतो, स्टेथोस्कोपही. बोगस डॉक्टर बहुधा गबाळा नसतो. त्याच्याकडे दाखवायला दुसरे काही नसल्याने कपडा आणि गोड बोलणे यांवरच त्याचा धंदा चालतो. 2009 मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज-सुया पुन्हा वापरल्याने पसरली होती. सुई पुन्हा वापरली जाते आहे हे कोणत्याही गणवेशावरून ओळखता येत नाही, सीलबंद पाकीट आपल्यासमोर फाडले की नाही यावरूनच ओळखता येते.

पात्रतेची खूण कागदावर असते. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशांची पावती यांवर छापायचा असतो. महाराष्ट्रात ॲलोपॅथीची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषद. पाटीवर पदव्यांची लांब ओळ असेल आणि क्रमांक कुठेच नसेल, तर तो विचारावा. ‘साहेब, चिठ्ठीवर नंबर टाकाल का, मुलाच्या ऑफिसात बिल लावायचंय’ असे म्हटले की कोणाचा मानही दुखावत नाही आणि काम होते.