पोलमध्ये जिंकलेला पर्याय आणि प्रेक्षकांची खरी मागणी

आकाशनिरीक्षणावर व्हिडिओ करणारे एक चॅनेल आहे आणि त्याचे 40,000 सबस्क्रायबर आहेत, असे समजू. पुढचा व्हिडिओ कशावर करावा हे ठरवण्यासाठी चॅनेलचालकाने चार पर्यायांचा पोल टाकला आणि त्यावर 640 मते पडली. ‘ग्रहणे कशी होतात’ याला 33 टक्के, ‘पहिली दुर्बीण कशी निवडावी’ याला 26, ‘दुर्बिणीची देखभाल’ याला 22 आणि ‘दुर्बिणीला मोबाइल कसा जोडावा’ याला 19 टक्के मते मिळाली. ग्रहण जिंकले, म्हणून तो लगेच ग्रहणाच्या व्हिडिओच्या तयारीला लागला, तर त्याची फसगत होण्याची शक्यता बरीच आहे.

दुर्बिणीशी संबंधित तीन पर्यायांची बेरीज 67 टक्के होते. म्हणजे दर तीन मतदारांपैकी दोघांना दुर्बिणीविषयीच काहीतरी हवे होते, परंतु त्यांची मते तीन ठिकाणी विभागली गेली आणि एकटा उभा असलेला ग्रहणाचा पर्याय पुढे निघून गेला. निवडणुकीत मतविभागणीमुळे जे होते तेच इथे झाले, फरक इतकाच की इथे उमेदवार उभे करणारा माणूस चॅनेलचालक स्वतःच असतो. यावर साधा उपाय असा की, आधी ‘ग्रहण की दुर्बीण’ एवढेच विचारावे आणि विषय ठरल्यावर त्यातल्या पोटविषयांसाठी दुसरा पोल घ्यावा.

दुर्बिणीच्या पर्यायांमध्ये 26 विरुद्ध 22 हा फरकही फारसा भरवशाचा नाही. 640 मतांच्या पोलमध्ये अशा दोन पर्यायांतला पाच टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. मते शंभरच असतील, तर हीच मर्यादा 13-14 टक्क्यांपर्यंत जाते.

मात्र हे गणित मत देणारे लोक सर्व प्रेक्षकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे असतील तरच लागू पडते, आणि पोलमध्ये तसे कधीच नसते. 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून लँडन अध्यक्ष होणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पाठवलेल्यांची यादी एकांगी होती आणि उत्तर देण्याची तसदी घेणारे लोक उत्तर न देणाऱ्यांहून वेगळे होते. मते लाखो असली तरी हा दोष भरून निघत नाही. आपल्या चॅनेलवर तर मत देणारे सबस्क्रायबरांच्या तुलनेत दोन टक्केही भरत नाहीत, आणि ते बहुधा प्रत्येक व्हिडिओ पाहणारे जुने चाहते असतात. ज्यांना ग्रहणाची माहिती नव्याने हवी आहे किंवा ज्यांनी कालच दुर्बीण विकत घेतली आहे, ते सर्चमधून येतात, व्हिडिओ पाहतात आणि निघून जातात. पोल त्यांच्या नजरेस पडतोच असे नाही.

पोलमधला हा एकांगीपणा किती आहे, हे ताडून पाहण्याची एक युक्ती आहे. ज्याचे खरे उत्तर ॲनालिटिक्समध्ये आधीच उपलब्ध आहे असा प्रश्न पोलमध्ये विचारावा. ‘तुम्ही आमचे व्हिडिओ बहुतेक वेळा कशावर पाहता?’ या प्रश्नाला समजा 5 टक्के मतदारांनी ‘टीव्ही’ असे उत्तर दिले आणि ॲनालिटिक्सनुसार 30 टक्के व्ह्यूज टीव्हीवरून येत असतील, तर दिवाणखान्यात निवांत बसून पाहणारा मोठा वर्ग पोलमधून गळला आहे हे उघड होते. दोन्ही आकडे मोजतात ते तंतोतंत एकच नसते, पण एवढी मोठी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

पोलचा आणखी एक दोष मला याहूनही मोठा वाटतो: जे पर्याय चॅनेलचालकाला सुचले नाहीत, त्यांना कोणी मत देऊच शकत नाही. म्हणून पोलच्या आधी एक साधी पोस्ट टाकावी, आणि तिच्यात ‘कोणता व्हिडिओ आवडेल?’ असे न विचारता ‘मागच्या वेळी दुर्बीण लावलीत तेव्हा नेमके कुठे अडलात?’ असे विचारावे. भविष्यातल्या आवडीविषयी लोक उदारपणे बोलतात. घडून गेलेल्या अडचणीविषयी मात्र नेमके सांगतात. ‘चंद्र लगेच सापडतो, पण शनी अर्धा तास शोधूनही दिसत नाही’ अशा आशयाच्या कमेंट वारंवार येत असतील, तर प्रेक्षकांची अडचण निवड किंवा देखभालीची नाही. मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण तिच्याशी नीट जुळवलेली नाही, ही आहे. हा विषय पहिल्या पोलमध्ये नव्हताच.

अशा कमेंट वाचताना अडचणींचे गट पाडून प्रत्येक गटात किती वेगवेगळी माणसे आहेत ते मोजावे, कारण एकच उत्साही प्रेक्षक दहा वेळा लिहितो. त्यातले सर्वांत मोठे तीन गट घेऊन नवा पोल तयार करावा. पोस्टवर कधीच न बोलणाऱ्यांची मागणी मात्र ॲनालिटिक्समधल्या सर्च शब्दांत शोधावी लागते. तिथेही ‘शनी दिसत नाही’ हेच शब्द आढळले, तर पुढच्या व्हिडिओचे शीर्षकही त्याच शब्दांत देता येते.